अडलेला दिवा काय सांगतो

नारळी पौर्णिमा झाली की मालवणच्या किनाऱ्यावर होड्या पाण्यात उतरतात आणि माझ्याकडे बंद पडलेले संगणक येऊ लागतात. पावसाळाभर कोपऱ्यात पडून असलेले. बटण दाबलं की पंखा फिरतो, पण पडदा काळाच.

अशा वेळी पेटीचं बाजूचं झाकण काढा. अलीकडच्या बऱ्याच मदरबोर्डांवर, बहुधा वीजपुरवठ्याच्या रुंद जोडणीजवळ, चार बारीक दिवे असतात. त्यांच्या शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. संगणक सुरू होताना प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि शेवटी डिस्क अशी तपासणी होते. ज्या टप्प्यावर गाडी अडते, तिथला दिवा पेटलेलाच राहतो. एकही दिवा लागला नाही, पंखाही हलला नाही, तर आधी वीजपुरवठा बघायचा.

मात्र दिवा टप्पा सांगतो, बिघडलेला भाग नव्हे. इथेच लोक फसतात.

गेल्या मोसमात तारकर्लीच्या एका होमस्टेमधला संगणक आला. डीरॅमचा दिवा विझेना. मालकांनी नवी रॅम आणायची तयारी केली होती. मी म्हटलं, "थांबा जरा." प्लग काढला, दोन्ही रॅम काढल्या. सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या होत्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसून पूर्ण वाळवल्या. खोडरबर घासू नका. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. मग एकच रॅम, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवली. चार खाचांच्या बोर्डावर बहुधा तीच पहिली वापरायची असते, तरी पुस्तिका बघावी. संगणक सुरू झाला. बंद करून, प्लग काढून तिथेच दुसरी रॅम लावली, तरी सुरू! म्हणजे दोन्ही रॅम चांगल्या. पण चौथ्या खाचेत कुठलीही घातली की डीरॅमचा दिवा हटून बसायचा.

अशा वेळी दोष खाचेत असू शकतो किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमध्येही, कारण मेमरी सांभाळणारा भाग हल्ली प्रोसेसरमध्येच असतो. बॅटरीच्या उजेडात खाचेत पाहिलं तर हिरवट पुटं चढलेली.

एक सावधगिरी. डीडीआर-५ मेमरीचा संगणक पहिल्यांदा, किंवा रॅम बदलल्यावर, सुरू करताना हाच दिवा काही मिनिटं पेटलेला राहू शकतो. तो बिघाड नव्हे, घाईनं बंद करू नका.

व्हीजीएचा दिवा अडला तर ग्राफिक्स कार्डाची वेगळी वीजजोडणी तपासा. बूटचा अडला तर डिस्कची केबल बघा.

तारकर्लीच्या त्या खाचेवर अल्कोहोलचा मऊ ब्रश फिरवला, रात्रभर सुकू दिलं. सकाळी चारही दिवे एकामागून एक लागून विझले. मग मालक म्हणाले, "संगणक समुद्राकडच्या खिडकीखाली होता हो!"