कपाटातलं संपलेलं मोजा

मार्च महिना लागला की इंदिरानगरच्या आमच्या शाळेत कार्यालयाकडून वर्गशिक्षकांना निरोप येतो: पुढच्या वर्षाचा इंडेंट शनिवारपर्यंत द्या. इंडेंट म्हणजे मागणीपत्रक, इकडे बेंगळुरूत सगळे इंडेंटच म्हणतात. मग शुक्रवारी शाळा सुटल्यावर आपण वर्गाचं कपाट उघडतो, काय उरलंय ते मोजतो आणि जे दिसत नाही ते मागतो. मीही बरीच वर्षं असंच केलं. पण उरलेलं मोजून मागणी निघत नाही. मोजायचं असतं ते संपलेलं.

घरचं वाणसामान आठवा. साखरेचा डबा रिकामा दिसला म्हणून आई ‘एक किलो’ लिहीत नसे. गेल्या महिन्यात 5 किलो आणली होती, ती 24 तारखेलाच संपली, मग शेजारून वाटी आणली, हे तिच्या डोक्यात असे. किती आली आणि कधी संपली, या दोन गोष्टींवर तिची यादी उभी राहायची. वर्गाच्या कपाटाचंही तेच. जूनमध्ये असलेलं, त्यात वर्षभरात आलेलं मिळवा, मार्चमध्ये उरलेलं वजा करा. जे येतं ते वापरलेलं.

आता आमच्या वर्गाचे पांढरे चार्ट पेपर घ्या. जूनमध्ये जुने 12 होते, कार्यालयाकडून 60 आले. मार्चमध्ये शिल्लक शून्य. म्हणजे 72 वापरले, तर 72 मागा? नाही. ते जानेवारीअखेरीसच संपले होते. पुढचे दोन महिने मुलांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तक्ते काढले. 72 कागद 8 महिने पुरले, म्हणजे महिन्याला 9. जून ते मार्च या 10 महिन्यांना 90. शिवाय यंदा मुलं 36 होती, पुढच्या वर्षी 40 येणार आहेत. त्या हिशेबाने 100. कार्यालय मात्र गेल्या वर्षीच्या 60 वर दहा टक्के चढवून 66 धरतं. 34 कागदांचा फरक पडला, आणि त्यातला मोठा भाग त्या एका तारखेमुळे. म्हणून कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा आणि वस्तू संपेल त्या दिवशी तिच्यापुढे तारीख टाका. मार्चमध्ये आठवून लिहू म्हणाल तर आठवत नाही. पदरचे पैसे घालून काही आणलंत तर तेही तिथेच, आलेल्यात लिहा. नाहीतर वर्गाची गरज कार्यालयाला कधी कळणारच नाही.

हा महिन्याचा हिशेब कागद, खडू, डिंक यांना चालतो. स्नेहसंमेलनाच्या क्रेप कागदाला चालत नाही. तो एकाच आठवड्यात संपतो, त्याला महिन्यांनी भागून उपयोग नाही.

पुन्हा वाणसामानाकडे येते. डब्यात रवा आहे, पण त्याला जाळी धरलीय. तो रवा शिल्लक धरायचा का? आमच्या कपाटात 24 ग्लू स्टिक होत्या. एकेक कागदावर घासून पाहिली, तेव्हा 9 नुसत्या कोरड्या खरखरत गेल्या. शिल्लक 15. टोपणं नीट न लावल्याने असं होतं. स्केचपेननं वीतभर रेघ ओढा. मध्येच फिकी पडली तर ते पेन बाजूला काढा. फळ्याचे मार्कर टोक वर करून उभे ठेवले की शाई खाली उतरते आणि टोक सुकतं. असे मार्कर टाकून देऊ नका, दिवसभर आडवे ठेवून पुन्हा लिहून पाहा. बरेचसे चालू होतात.

आणि एकक लिहा हो, कृपा करून लिहा! मी एकदा ‘स्केचपेन 12’ असं लिहिलं. माझ्या मनात 12 पेनांचे 12 संच होते. आला एक संच. 36 मुलांत 12 पेनं. ही चूक निस्तरेपर्यंत दसऱ्याची सुट्टी आली. संच, नग, दस्ता, बाटली किती मिलिलिटरची, हे आकड्याशेजारी असायलाच हवं.

वेळ संपत आलाय असं समोरून खुणावताहेत. कात्र्या, स्टेपलर, पंचिंग मशीन या वस्तू मात्र या यादीत घालू नका. त्या संपत नाहीत, मोडतात. त्यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते आणि मोडलेल्या वस्तूचं आधी निर्लेखन करून घ्यावं लागतं. नाहीतर कार्यालय म्हणणार, तुमच्याकडे 10 कात्र्या आहेत. त्यातल्या 4 चे खिळे निखळलेत हे त्यांना कुठून कळणार? निर्लेखनाबद्दल सविस्तर बोलायचं होतं, पण तेवढी मिनिटं उरली नाहीत. तूर्तास एवढंच करा, उद्या शाळेत गेलात की कपाटाच्या दारावर तो कागद चिकटवा. यंदाचं जे आधीच संपलंय, त्याचा निदान महिना तरी आजच आठवून लिहा.