आपलंच बोलणं वहीत उतरवताना



जोयडा तालुक्यातल्या मुलांचं बोलणं मी बरीच वर्षं ऐकतो आहे. घरात कोंकणी, बाजारात मराठी, शाळेत बहुतेकांना कन्नड, आणि नोकरीसाठी गोव्याला गेलं की समोरचा माणूस इंग्रजीत प्रश्न विचारतो. चार भाषा कानावर असलेली ही मुलं हुशार असतात. मुलाखतीत अडखळली की मात्र त्यांना एवढंच सांगितलं जातं, ‘इंग्रजी सुधार.’ त्यातलं नेमकं काय सुधारायचं, हे कोणी सांगत नाही. ते शोधायची एक साधी रीत आज सांगतो. आपलं उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि ते जसंच्या तसं वहीत लिहून काढायचं. याला रेंज लागत नाही, आणि आपल्याकडे ती गोष्ट लहान नाही.

गणेशगुडीचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. काळी नदीवर राफ्टिंगच्या कामावर होता आणि गोव्यातल्या हॉटेलात मुलाखत द्यायची होती. त्याला विचारलं, आतापर्यंत काय काम केलंस ते सांग. समोर कागद ठेवू दिला नाही. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला. पावसाळा होता, म्हणून पत्र्याखाली न बसता आतल्या खोलीत बसलो, कारण पत्र्यावरच्या पावसात बारीक ‘अँ’ ऐकूच येत नाही.

दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधला सुरुवातीचा तुकडाच लिहायला घेतला. पाच-सहा सेकंद ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. पहिल्या फेरीत फक्त शब्द. दुसऱ्या फेरीत फक्त थांबे: छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, लांब थांब्याला दोन. पहिल्यांदा एका मिनिटाच्या बोलण्याला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. घाई केली की आपला कान आपल्याला हवं ते ऐकतो. दोनदा म्हटलेला शब्द एकदाच लिहिला जातो, चुकलेलं क्रियापद हात आपोआप दुरुस्त करतो. मोबाइलची बोलून टाइप करायची सोय इथे वापरू नका. ‘अँ’ आणि अडखळणं ती बहुधा गाळूनच टाकते, आणि आपल्याला तर तेच हवं असतं.

त्याच्या वहीत असं उतरलं:

‘ॲक्चुअली // आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स / इन रिव्हर राफ्टिंग. अँ / लास्ट मंथ आय हॅड टेकन वन ग्रुप फ्रॉम बेळगाव. बट द // अँ द वॉटर हॅड नॉट कम फ्रॉम द डॅम. सो ॲक्चुअली वी हॅड वेटेड अँ वन अवर.’

चाळीसच्या आतले शब्द. त्यात तीन ‘अँ’ आणि दोन ‘ॲक्चुअली’. हे पाहून तो खट्टू झाला. मी म्हटलं, ‘अँ’वर लाल रेघ मारू नकोस. सहज गप्पा मारणारा माणूससुद्धा, स्वतःच्या मातृभाषेत, दर शंभर शब्दांमागे साधारण सहा वेळा असा अडखळतो, शब्द पुन्हा म्हणतो किंवा वाक्य मोडून नव्याने सुरू करतो. आपण मराठीत ‘म्हणजे’ म्हणतो, कोंकणीत ‘म्हळ्यार’ म्हणतो, तसंच ते. अडखळणं किती आहे हे मोजाच, पण कुठे आहे हे आधी पाहा.

‘ॲक्चुअली’नंतरचा लांब थांबा उत्तराच्या सुरुवातीला आहे. तिथे माणूस विचार जुळवतो आणि ऐकणाऱ्यालाही ते खटकत नाही. ‘द’ आणि ‘वॉटर’ यांच्यामधला लांब थांबा मात्र वेगळा. तिथे वाक्य चालू असताना तो अडला. मी विचारलं, इथे काय म्हणायचं होतं? तो म्हणाला, ‘सर, सुपा धरणातून पाणी सोडलं नव्हतं. सोडणं याला शब्द आठवला नाही.’ धरणातून पाणी सोडल्याशिवाय तिथलं राफ्टिंग चालत नाही, म्हणजे त्याच्या कामातला हा रोजचा शब्द. ‘रिलीज’ हा एक शब्द त्याला दिला, तेव्हा पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या जागचा थांबा गेला. ‘अँ’ दाबून तो गेला नसता.

आता व्याकरण. त्याच्या उत्तरात ‘हॅड’ तीनदा आला आहे. त्यातला एक बरोबर आहे आणि दोन चुकीचे. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘गेल्या महिन्यात एक ग्रुप नेला होता.’ या ‘होता’चं तो ‘हॅड’ करतो. इंग्रजीत मात्र दोन मागच्या गोष्टी असल्या, तर त्यांतल्या आधीच्या गोष्टीला ‘हॅड’ लागतो. पाणी आलं नव्हतं, म्हणून आम्ही थांबलो. पाण्याची गोष्ट आधीची, म्हणून तिथला ‘हॅड’ योग्य. ग्रुप नेला, तिथे नुसतं ‘टुक’. थांबलो, तिथे नुसतं ‘वेटेड’. म्हणून ‘हॅड वापरू नकोस’ असा सरसकट नियम दिला असता, तर त्याचं बरोबर वाक्यही बिघडलं असतं.

पण दोनदा चुकलं म्हणून ती सवय आहे असं कसं म्हणायचं? पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने 1967 साली एक फरक मांडला: तोंडातून निसटलेली चूक वेगळी, आणि मनातला नियमच चुकीचा असल्यामुळे पुन्हा पुन्हा होणारी चूक वेगळी. हे एका उत्तरावरून कळत नाही. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं उतरवा. तिन्हींत तोच घोटाळा दिसला, तर तो नियमाचा आहे. या मुलाच्या तिन्ही उत्तरांत ‘हॅड’ होता. एका ठिकाणी अनेकवचनाचा ‘स’ राहिला होता, पण बाकी सगळीकडे नीट होता. तो सोडून दिला.

या रीतीला एक मर्यादा आहे, तीही सांगतो. ‘सिन्स टू इयर्स’ त्याने स्वतः तीनदा वाचलं आणि त्याला काही खटकलं नाही. ‘दोन वर्षांपासून’ हे मराठीत अगदी शुद्ध आहे. इंग्रजीत ‘सिन्स’नंतर कधीपासून ते येतं, वर्ष किंवा दिवस, किती काळ ते सांगायला ‘फॉर’. ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स’, असं ते वाक्य. जो नियम आपल्याला माहीतच नाही, त्याची चूक आपल्या वहीत आपल्याला दिसत नाही. म्हणून उतरवलेलं पान एकदा तरी जाणत्या माणसाला दाखवा. उच्चारांचे दोषही वहीत उतरत नाहीत. त्यासाठी रेकॉर्डिंगच ऐकवावं लागतं.

मग पुढे काय? दुरुस्त केलेलं उत्तर पाठ करू नका. पाठ केलेलं ओळखू येतं: आवाज सपाट होतो, थांबे पूर्णविरामावरच पडतात, आणि मधेच उपप्रश्न आला की सगळं कोसळतं. एका आठवड्यात एकच गोष्ट धरा. या मुलाने आधी ‘हॅड’ धरला. दर दोन दिवसांनी नवा प्रश्न, नवं रेकॉर्डिंग, एका मिनिटाचं पान, आणि पानाच्या कोपऱ्यात शंभर शब्दांमागे किती हा हिशेब. नुसता आकडा लिहिला तर फसगत होते, कारण उत्तर लांबलं की चुकाही वाढलेल्या दिसतात. चौथ्या पानावर ‘हॅड’ योग्य जागीच उरला होता. ‘सिन्स’ मात्र घाईत बोलताना परत यायचा, म्हणून पुढचा आठवडा त्याला दिला. ‘ॲक्चुअली’ टाळायला गेला, तेव्हा त्याच्या जागी ‘बेसिकली’ आला. तेव्हा त्याला सांगितलं, त्या जागी गप्प राहा. एका सेकंदाची शांतता ऐकणाऱ्याला फारशी खटकत नाही.

स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना परका वाटतो. बोलताना तो आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून. त्यामुळे पहिल्या दिवशी लाज वाटून रेकॉर्डिंग पुसू नका. एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी वही घेऊन बसा. कुंभारवाड्यात, रामनगरात, कॅसलरॉकला जी मुलं मुलाखतीच्या तयारीत आहेत, त्यांना माझी विनंती आहे: पहिल्या पानावर तारीख घाला आणि ते पान फाडू नका. महिन्याने त्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा उतरवाल, तेव्हा शेजारी ठेवायला तेच लागणार आहे.