बोटाची साखर आणि हाताची साखर



नांदगाव पेठेकडचा एखादा शेतकरी मधुमेहासाठी इन्सुलिन घेऊ लागला आणि घरी साखर तपासायचे यंत्र आले, की थोड्याच दिवसांत त्याची एक तक्रार ठरलेली असते. "बोटं कुठकुठली टोचू?" पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांनी वेचणीत बोटे आधीच ओरबाडलेली, विळ्याने घट्टे पडलेले, हिवाळ्यात भेगा. त्यात दिवसातून तीन-चार वेळा टोचणी. मग कोणीतरी सांगतो, अहो, हातावर टोचा की, कोपर आणि मनगट यांच्या मधे, तिथे दुखत नाही. सांगणारा खोटे बोलत नाही. तिथे वेदना खरोखरच कमी होते, आणि काही यंत्रांना तिथले रक्त चालते. पण त्या आकड्यावर केव्हा विश्वास ठेवायचा आणि केव्हा ठेवायचा नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. आज तेवढेच पाहू.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. हातावरचा आकडा खोटा नसतो, शिळा असतो.

आपल्याकडच्या संत्र्याच्या बगीच्याचे उदाहरण घ्या. ठिबकच्या नळीतून खत सोडायचे असते तेव्हा विहिरीजवळच्या टाकीत खत कालवून आपण पंप सुरू करतो. पहिल्या ओळीतल्या झाडाला खताचे पाणी लगेच मिळते. धुऱ्याजवळच्या शेवटच्या झाडाला मात्र बराच वेळ साधेच पाणी मिळत राहते, कारण नळीत आधीचे पाणी भरलेले असते. टाकी बंद केली की उलटे होते. पहिल्या झाडाला साधे पाणी सुरू झाले तरी शेवटच्या झाडाला अजून खताचेच थेंब पडत असतात. आणि टाकी तासभर एकसारखी चालू असेल तर? तर दोन्हीकडे पाणी सारखेच.

बोटाचे टोक हे पहिले झाड आणि कोपरापुढचा हात हे शेवटचे. बोटांच्या टोकांत आणि तळहातात बारीक रोहिणी आणि नीला थेट एकमेकींना जोडणाऱ्या वाटा असतात. शरीर तापले की उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्या उघडतात. त्यामुळे तिथे रक्ताचा ओघ जोराचा असतो. हाताच्या केसाळ कातडीत अशा जोडवाटा नाहीत. तिथे रक्त संथपणे झिरपते, आणि अंगातली साखर बदलली तरी तिथली केशवाहिन्यांतली साखर मागाहून बदलते.

किती मागाहून? जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फ इथे युंगहाइम आणि कोशिन्स्की या संशोधकांनी इन्सुलिन घेणाऱ्या माणसांना ग्लुकोजचे पाणी पाजून साखर चढवली, मग शिरेतून इन्सुलिन देऊन ती उतरवली, आणि बोट व हात दोन्हीकडचे रक्त तपासत राहिले. त्यांचे निष्कर्ष 2001 आणि 2002 साली प्रसिद्ध झाले. चढताना हाताचा आकडा बोटाच्या खाली राही, उतरताना वर राही; आणि हे मागे पडणे काही जणांत अर्ध्या तासाच्या घरात जाई.

हे आपल्या गावात आणून पाहू. समजा, एक गुरुजी आहेत. सकाळी इन्सुलिन घेतले, घाईत पोहे अर्धेच खाल्ले आणि सायकल मारत शाळेत पोचले. साखर मिनिटाला 2 मिलिग्रॅमने उतरते आहे, आणि त्यांचा हात बोटाच्या 25 मिनिटे मागे आहे असे धरा. दहा वाजून पाच मिनिटांनी बोटात 110 होते. साडेदहाला बोटात 60 उरले. गुरुजींना घाम फुटला, फळ्यावरची अक्षरे हलू लागली. त्यांनी हातावर टोचले, तर यंत्र दाखवते 110! म्हणजे पंचवीस मिनिटांपूर्वीची बातमी. "उन्हानं झालं असेल," असे म्हणून ते पुढचा तास घेतात. आणखी दहा मिनिटांत बोटात 40 होतील आणि गुरुजी वर्गातच कोसळतील.

आता असे धरा, की गुरुजी शहाणे निघाले. त्यांनी साडेदहालाच बोट तपासले, 70 च्या खाली दिसताच पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन चहाचे चमचे, पाण्यात ढवळून घेतली. साखर आणखी जराशी, 54 पर्यंत, उतरून पावणेअकराला 85 झाली, अकराला 105. पण अकराला खात्री करण्यासाठी त्यांनी हातावर टोचले, तर काय दिसेल? 10:35 चे 54. घाबरून ते आणखी साखर खातील, वर दोन लाडू, आणि दुपारी तीनशेवर जातील. प्रत्यक्ष शरीर इतके घड्याळासारखे चालत नाही, पण चूक ह्याच दिशेने होते. वेग आणि उशीर यांचा गुणाकार म्हणजे चूक. वेग शून्य असला की चूकही शून्य.

म्हणून हात केव्हा चालतो, हे यावरूनच निघते. सकाळी उपाशीपोटी, जेवणाच्या आधी, किंवा जेवण, इन्सुलिन आणि अंगमेहनत या तिन्हींना दोन तास उलटून गेलेले असताना. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटत असेल, आजारपण असेल, गाडी चालवायला बसायचे असेल, किंवा साखर उतरली तरी ज्याला कळतच नाही असा माणूस असेल, तर बोटच. आणि आकडा शरीराच्या अवस्थेशी जुळत नसेल, तर अवस्थेवर विश्वास ठेवा आणि बोट टोचा.

हात चोळून गरम केला की रक्ताचा ओघ वाढतो आणि अंतर कमी होते. ड्यूसेलडॉर्फच्या मंडळींनीही हे पाहिले. पण ते सर्वांत सारखे मिटत नाही, म्हणून चोळणे हे सोय म्हणून ठीक, भरवसा म्हणून नाही.

तळहाताचे काय? अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा मांसल उंचवटा ही जागा बोटाच्या जातीची आहे, जोडवाटा तिथेही आहेत, म्हणून तिथला आकडा बोटाच्या पुष्कळ जवळ राहतो. बोटांना विसावा द्यायचा असेल तर माझ्या मते हातापेक्षा तळहात बरा. मात्र कातडी जाड असते, टोचणीचे पेन थोडे खोल लावावे लागते. यंत्राच्या माहितीपत्रकात ती जागा दिली आहे का, हेही पाहून घ्यावे. आणि साखर उतरल्याची शंका असली, की तळहातही सोडून बोटावर यावे.

बोटही निर्दोष नाही, बरे का. संत्रे सोलून तसेच बोट टोचले तर सालीवरचा आणि फोडींचा रस रक्तात मिसळून आकडा भलताच चढतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने तो रस जात नाही, हात पाण्याने धुवून कोरडे करावे लागतात. बोटाच्या मधोमध टोचण्यापेक्षा कडेला टोचा, बोटे बदलत राहा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आणि जी वही दवाखान्यात नेता तिच्यात आकड्याशेजारी वेळ लिहिता, तसे 'बोट', 'हात' किंवा 'तळहात' हेही लिहा. जेवणानंतर तासाभराने हातावर आलेले 150 पाहून डॉक्टर समजतील, इन्सुलिन पुरते आहे. त्याच वेळी बोटात 210 असू शकते.