आईचा आवाज कुठे गेला?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात 'चित्रपट आणि पार्श्वसंगीत' या विषयावर क्लब हाऊसमध्ये केलेले भाषण)



गेल्या शनिवारी आपण इथेच सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' पाहिला. शेवटाकडे एक प्रसंग सुरू असताना आपले खजिनदार पटकन उठले आणि स्पीकरची वायर हलवून बघू लागले. पडद्यावर आई तोंड उघडून रडत होती, पण तिचा आवाज येत नव्हता. मागून दोघं-तिघं ओरडले, "आवाज गेला, आवाज गेला!" खजिनदारसाहेब, तुमची वायर ठीक होती. आवाज १९५५ सालीच काढून टाकला होता, आणि तोही मुद्दाम. तो का काढला, एवढंच मी आज सांगणार आहे.

मी संगीतातला पंडित नाही. सदतीस वर्षं बँकेत काढली, लेजर तपासली. पण चौऱ्याऐंशी साली माझी बदली कलकत्त्याला झाली, तिथल्या एका फिल्म सोसायटीचा सभासद झालो आणि रविवार सकाळची सवय लागली. बासरी थोडीफार फुंकतो, हे सी विंगच्या वरच्या मजल्यांना नाइलाजाने ठाऊक आहेच.

आधी प्रसंग आठवू या. हरिहर पैसे कमवायला परगावी गेलेला. मागे पावसात भिजून त्याच्या मुलीला, दुर्गाला, ताप भरतो आणि वादळी रात्री ती जाते. बापाला पत्ताच नाही. तो परत येतो, घराची पडझड बघतो आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून बायकोला दाखवायला लागतो. पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर, आणि मग दुर्गासाठी आणलेली साडी. सर्वजया आतापर्यंत गप्प असते. साडी हातात येते तेव्हा ती साडी तोंडाशी दाबून कोसळते. तिचं तोंड उघडतं, आणि आपल्याला हुंदक्याच्या जागी एका वाद्याचा टिपेचा सूर ऐकू येतो.

आता एक छोटा प्रयोग करू. हाच तुकडा मी तीनदा लावणार आहे. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद. दुसऱ्यांदा आवाज बंदच, पण माझ्या मोबाइलवर सतारीची एक संथ आलापी. आणि तिसऱ्यांदा मूळ जसा आहे तसा.

(येथे प्रसंग तीन वेळा दाखवण्यात आला.)

पहिल्या वेळी काय झालं? एक बाई रडते आहे हे कळलं. वाईट वाटलं, पण लांबून, जसं समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीत कुणी रडताना दिसावं. दुसऱ्या वेळी सतार होती. छान वाटली, गंभीर वाटली, पण ती त्या बाईची झाली नाही. ती आपल्याला बाईबद्दल काही सांगत होती. तिसऱ्या वेळी मात्र सभागृहात खुर्चीसुद्धा वाजली नाही. चित्र तेच, बाई तीच. बदललं ते वाद्य.

ते वाद्य म्हणजे तारशहनाई. नावात शहनाई असली तरी ते फुंकायचं वाद्य नाही. आपला दिलरुबा किंवा बंगालमधला इसराज घ्या, तो गजाने वाजतो. त्याला जुन्या ग्रामोफोनसारखा कर्णा जोडला की आवाज अनुनासिक, टोकदार होतो, शहनाईच्या जवळ जातो. चित्रपटात ते वाजवलं आहे दक्षिणामोहन टागोर यांनी, आणि संगीत आहे पंडित रविशंकरांचं.

आता विचार करा. रविशंकर स्वतः सतारीचे बादशहा. मग त्यांनी इथे सतार का वापरली नसेल? माझी समजूत अशी. सतारीची तार छेडली की सूर जन्मतो आणि लगेच विझायला लागतो. मींड घेता येते, पण तीही त्या विझणाऱ्या सुरातच. रडणं तसं नसतं. ते सुरू होतं, चढतं, वर जाऊन चिरकतं आणि न तुटता खाली घसरतं. हे करायला गज लागतो. गज फिरतोय तोवर सूर जिवंत राहतो, आणि बोट तारेवरून घसरवलं की दोन सुरांमधली सगळी जागा ऐकू येते. माणूस रडतो तो याच मधल्या जागेत. बासरीनेही हे काही प्रमाणात जमलं असतं, पण बासरी मऊ. ती सांत्वन करते. तारशहनाई टोचते.

आणखी एक गोष्ट. हे वाद्य एकच आहे. तिथे पंधरा-वीस व्हायोलिन लावता आली असती, आपल्या हिंदी चित्रपटांत त्या काळी ती पद्धत होतीच. पण वीस व्हायोलिन रडायला लागली की दुःख सगळ्या गावाचं होतं. इथे रडणारी बाई एकटी आहे, म्हणून वाद्यही एकटं. वाद्ययोजना म्हणजे नुसती शोभा नसते. किती वाद्यं, कुठलं वाद्य, कुठल्या सप्तकात, यावरून प्रेक्षक ठरवतो की हे दुःख कुणाचं आहे आणि ते किती जवळ आहे.

तुम्ही म्हणाल, करुण राग घेतला असेल, म्हणून परिणाम झाला. राग आहे पटदीप. आणि इथेच गंमत आहे. आपल्यापैकी ज्येष्ठांना पटदीप कुठून माहीत आहे? 'संन्यस्त खड्ग' नाटकातल्या 'मर्मबंधातली ठेव ही' या पदातून. दीनानाथांचं ते पद ऐकून कुणी कधी टाहो फोडला नाही. कोमल गंधार तोच, षड्जाकडे ओढ घेणारा शुद्ध निषाद तोच. म्हणजे रागाच्या डबीत एकच भावना भरून ठेवलेली नसते. राग कुणाच्या गळ्यात आहे, किती वरच्या पट्टीत आहे आणि डोळ्यांपुढे काय चाललंय, यावर ती ठरते. पार्श्वसंगीतावर लिहिताना अमुक राग म्हणजे अमुक रस असा हिशेब मांडतात ना, तो इथे टॅली होत नाही.

आता दुसरा मुद्दा, लाइटमोटिफ. शब्द जर्मन आहे, वॅग्नरच्या ऑपेरांमुळे जगभर गेला. आपण त्याला ओळखीची धून म्हणू. एखाद्या व्यक्तीशी, जागेशी किंवा भावनेशी बांधलेली छोटीशी धून पुन्हा पुन्हा येते. सकाळी दूधवाल्याची बेल वाजली की तो न दिसताही आपण पातेलं शोधतो, तसंच. फरक एवढाच की बेल रोज तेच सांगते, आणि चांगली धून दर खेपेला आधीच्या आठवणी घेऊन येते.

'पथेर पांचाली'ची अशी एक धून आहे. रविशंकर भेटले तेव्हा त्यांनी ती रायना गुणगुणून दाखवली होती. लोकसंगीताच्या वळणाची, साधी. चित्रपटात ती बहुतेक वेळा बासरीवर येते. तो गाव, ते बालपण, ती भावंडं, सगळं त्या धुनेला चिकटत जातं. रविशंकरांना वेळ फार थोडा होता. कच्चा जोडलेला निम्माच चित्रपट त्यांनी पाहिला होता, आणि बरंचसं संगीत एका रात्रीत, सुमारे अकरा तासांच्या बैठकीत झालं. इतक्या घाईत सोपा मार्ग कोणता होता? हाताशी असलेली लाडकी धून साडीच्या प्रसंगातही वाजवायची. आजच्या मालिकांत हेच करतात. नायिका रडली की तिची धून, हसली की तीच धून. मग ती धून राहत नाही, दारावरची पाटी होते.

साडीच्या प्रसंगात ती धून आली असती तर आपल्याला दुर्गाच्या आठवणीने गलबलून आलं असतं, डोळे पुसून बरं वाटलं असतं. पण त्या क्षणी सर्वजयाला आठवण येत नाहीये, तिचं काळीज फाटतंय. आठवण नंतर येते. म्हणून तिथे ती धून नाही.

मग ती कुठे येते? पुढच्या, १९५६ च्या 'अपराजितो'मध्ये. हरिहर काशीत वारलेला आहे. सर्वजया आणि अपू आगगाडीने परत निघालेत. खिडकीबाहेरचा मुलूख बदलत जातो, बंगालची हिरवळ दिसायला लागते, आणि ती जुनी धून वाजते. कुणी काही बोलत नाही. ज्यांनी पहिला चित्रपट पाहिलाय त्यांच्या पोटात मात्र कालवतं, कारण त्या धुनेत आता दुर्गाही आहे आणि बापही. ज्याने तो पाहिला नाही, त्याला ती नुसती गोड चाल वाटते. ओळखीच्या धुनेची ताकद ती, आणि मर्यादाही तीच. खात्यात आधी जमा असेल तेवढंच काढता येतं.

शनिवारी कार्यक्रम संपल्यावर बी विंगमधल्या एक वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, काही म्हणा, आईचं रडणं कापणं हा तिच्यावर अन्यायच. वाद्य कितीही चांगलं असलं तरी ते वाद्यच." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज देतो, आणि ते संगीतातलं नाही.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला माई म्हणायचो, अकराव्या वर्षी विषमज्वराने गेली. मी सहा वर्षांचा होतो. गावच्या घराच्या पडवीत आई खाली बसली, तिचं तोंड उघडलं, एवढं मला आजही लख्ख दिसतं. आवाज आठवत नाही. मी पुष्कळ वर्षं समजत होतो की आई रडलीच नाही, आणि खरं सांगतो, त्याचा मनात थोडा रागही होता. कलकत्त्याला हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला, हा प्रसंग आला आणि मी थिएटरात दचकलो. रजेवर घरी आलो तेव्हा दादाला विचारलं. तो म्हणाला, "वेड्या, आईने असा हंबरडा फोडला की वेशीपर्यंतची माणसं धावत आली होती."

म्हणजे आवाज होता. माझ्याच मनाने तो काढून टाकला होता, कारण सहा वर्षांच्या पोराला तो पेलवला नसावा. चेहरा तेवढा ठेवला. रायनी तेच केलं, आणि मोकळ्या जागेत रविशंकरांनी तारशहनाई ठेवली. आपल्याला ऐकवेल, पण टोचल्याशिवाय राहणार नाही, असा आवाज. वहिनी, अन्याय झाला असेल तर तो मी आईवर केला होता, इतकी वर्षं. त्या प्रसंगाने तो मला दाखवून दिला.

आता खजिनदारांना विनंती. तो तुकडा शेवटचा एकदा लावा, आणि या वेळी वायरला हात लावू नका.