पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय

गेस्ट नेटवर्क म्हणजे घरच्याच राउटरमधून निघणारे दुसरे वायफाय. त्याचे नाव आणि पासवर्ड वेगळे असतात. त्यावर जोडलेल्या फोनला राउटर इंटरनेट देतो, पण घरातल्या इतर उपकरणांकडे जाणारी वाट बंद ठेवतो.

आखाजीला जळगाव-धुळ्याकडे लेकी मुलाबाळांसह माहेरी येतात आणि घरात एकदम सहा-सात फोन वाढतात. घरच्या वायफायचा पासवर्ड दिला, तर त्यांतला प्रत्येक फोन कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरपर्यंत पोहोचू शकतो; एखाद्या फोनमध्ये घातक ॲप शिरले असेल, तर तेही पोहोचते. डीव्हीआरला कारखान्यातून आलेला पासवर्डच राहिला असेल, तर घरातले चित्रण उघडे पडते. गेस्ट नेटवर्क नेमकी ही वाट अडवते.

ते सुरू करण्यासाठी राउटरच्या लेबलवरचा पत्ता, उदाहरणार्थ 192.168.1.1, ब्राउझरमध्ये उघडावा. Guest Network चालू करून WPA2 किंवा WPA3 सुरक्षा निवडावी आणि वेगळा पासवर्ड द्यावा. पाहुण्यांना घरच्या नेटवर्कमध्ये प्रवेश देणारा पर्याय तिथे दिसला, तर तो बंद ठेवावा. पाहुणे परतल्यावर हा पासवर्ड बदलला, तरी घरचा टीव्ही किंवा प्रिंटर पुन्हा जोडावा लागत नाही.

इंटरनेट कंपनीच्या डब्याला बाजारातला दुसरा राउटर जोडलेला असेल, तर एक फट राहू शकते. गेस्ट नेटवर्क दुसऱ्या राउटरवर आणि डीव्हीआर पहिल्या डब्यावर असेल, तर पाहुण्यांचा फोन डीव्हीआरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून मोबाइल डेटा बंद करून, गेस्ट नेटवर्कवरच्या फोनवर डीव्हीआरचा घरातला पत्ता उघडून पाहावा. लॉगिनचे पान आले, तर वाट अडलेली नाही.

आता वेगाचा प्रश्न. दुसरे नाव प्रसारित करायला राउटरला फारच थोडा वेळ लागतो. तेवढ्याने घरचे फोन मंदावत नाहीत. पण लाइन आणि रेडिओ दोन्ही सामायिक असतात. योजना 50 एमबीपीएसची असेल आणि चार पाहुणे एचडी व्हिडिओ पाहत असतील, तर प्रत्येकी सुमारे 5 धरून 20 एमबीपीएस खर्च होतात. उरलेल्या 30 मध्ये घरचा टीव्ही आरामात चालतो. अडचण दोन ठिकाणी येते. पाहुण्यांचे फोन फोटो क्लाउडवर चढवू लागले की अपलोड भरते आणि घरातला व्हिडिओ कॉल अडखळतो. तसेच अंगणातल्या, क्षीण सिग्नल मिळणाऱ्या फोनला तेवढीच माहिती पाठवायला जास्त वेळ लागतो आणि त्या वेळात इतरांना थांबावे लागते.

कारण ओळखण्यासाठी राउटरजवळ एकाच फोनवरून तीनदा वेग मोजावा: गेस्ट नेटवर्क बंद असताना, ते चालू पण रिकामे असताना, आणि पाहुणे वापरत असताना. पहिले दोन आकडे जवळपास सारखे येऊन तिसराच घसरला, तर कारण नेटवर्कची रचना नसून वापर आहे. अशा वेळी राउटरमध्ये सोय असेल, तर गेस्ट नेटवर्कच्या डाउनलोड आणि अपलोडवर मर्यादा घालावी.