बाबांच्या गुडघ्याचं उत्तर तिसाव्या पानावर होतं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: "काहीही सर्च केलं तरी त्याच दहा साइट्स येतात. खरं लिहिणारी माणसं गेली कुठे?" ती कुठेच गेलेली नाहीत. सापडायची वाट बदलली आहे, एवढंच. आज एकच प्रसंग सांगतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी टाइप केलेल्या ओळी खाली तशाच दिल्या आहेत, त्यामुळे ऐकता ऐकता लिहून घ्यायची गरज नाही.

माझे बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत. उजवा गुडघा दुखतो. मार्चमध्ये एकदा जेवताना म्हणाले, "कॉलेजात असताना कर्जतजवळच्या एका किल्ल्यावर गेलो होतो. कोरीव खांबांची गुहा होती आणि वर जायला डोंगराच्या पोटातूनच जिना. एकदा परत बघायचंय." मी ओळखलं, हा कोथळीगड. आंबिवली गावातून चढायचं, वाटेत पेठ नावाची वाडी लागते, तिच्या डोक्यावर तो सुळका.

आता मला हवं होतं ते एवढंच, की त्या पायऱ्या किती उंच आहेत, धरायला काही आहे का आणि दुखऱ्या गुडघ्याचा माणूस उतरू शकेल का. फोनवर सर्च केलं. पहिल्या पानावर ट्रेक विकणाऱ्या कंपन्या आणि 'मुंबईजवळचे दहा ट्रेक' छापाच्या याद्या. सगळीकडे एकच उत्तर, 'सोपा ते मध्यम, सर्वांसाठी योग्य'. पण 'सर्वांसाठी' म्हणजे कोणासाठी? शंका आली म्हणून त्यातलं एक वाक्य कॉपी केलं, दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधलं. तेच वाक्य, शब्द न शब्द, चार साइट्सवर. म्हणजे चार मतं नव्हतीच. एकाने लिहिलं, तिघांनी उचललं. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि समोरचा तिथे खरंच गेला होता का याचा अंदाज तिच्यातून येतो.

मग गेलेली माणसं खाली का दबतात? रँकिंगमध्ये बऱ्याच गोष्टी मोजल्या जातात. त्यातल्या दोन इथे महत्त्वाच्या. एक, तुमच्या पानाकडे बाहेरून किती लिंक्स येतात. दोन, तुम्ही टाइप केलेले शब्द त्या पानावर, विशेषतः शीर्षकात आहेत का. कंपनीच्या पानाचं शीर्षक म्हणजे किल्ल्याचं नाव, पुढे 'ट्रेक', पुढे चालू वर्ष. आणि २०११ साली ब्लॉग लिहिणाऱ्या माणसाने शीर्षक काय दिलेलं असतं? 'एक उनाड रविवार'. किल्ल्याचं नाव थेट तिसऱ्या परिच्छेदात, तेही त्याच्या स्वतःच्या स्पेलिंगमध्ये. त्याने सर्चसाठी लिहिलंच नव्हतं, मित्रांसाठी लिहिलं होतं.

यातून मी एक नियम काढला. आपला प्रश्न टाइप करायचा नाही. ज्याने उत्तर लिहिलं असेल, त्याचं वाक्य टाइप करायचं.

इथे मदत केली बाबांनीच. मी 'कोथळीगड' म्हणत होतो, तर ते म्हणाले, "आम्ही त्याला पेठचा किल्ला म्हणायचो." आणि तिथेच गाडी पुढे सरकली. या एका किल्ल्याला कोथळीगड, कोथळागड, पेठचा किल्ला अशी नावं आहेत, इंग्रजी स्पेलिंग्स वेगळीच. कंपन्या त्यातलं सगळ्यात चालणारं नाव उचलतात. जुने भटके गावाच्या नावाने लिहितात.

दुसरी गोष्ट मराठीची. आपल्याकडे शब्द वाक्यात गेला की बदलतो. 'पेठचा किल्ला' अवतरणात शोधलं, तर 'पेठच्या किल्ल्यावर पोचलो' असं लिहिणारा माणूस हुकतो. म्हणून दोन्ही रूपं वेगवेगळी शोधायची:

```
site:blogspot.com "पेठचा किल्ला"
site:blogspot.com "पेठच्या किल्ल्यावर"
site:wordpress.com पेठ आंबिवली गुहा
```

`site:` म्हणजे फक्त या पत्त्याखालचीच पानं दाखव. ब्लॉगस्पॉट आणि वर्डप्रेसवर फुकट ब्लॉग निघतात, त्यामुळे हौशी लिहिणारे बहुतेक तिथेच सापडतात. `site:` नंतर स्पेस द्यायची नाही, नाहीतर ते चालत नाही. रिझल्ट आले की वरच्या पट्टीत 'वेब' हा पर्याय निवडा, गूगलने तो मे २०२४ मध्ये आणला. त्यात व्हिडिओ, खरेदीचे चौकोन वगैरे जाऊन नुसत्या लिंक्स उरतात.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात गंमत तिचीच वाटली. 'पायऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. आजचे बरेच कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. पूर्वी बरेच जण साधा र, त्याचा पाय मोडून, पुढे एक न दिसणारं जोडअक्षराचं चिन्ह टाकायचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच:

```
पायऱ्या
पायर्‍या
```

पण मशीनसाठी ही दोन वेगळी अक्षरमाळा आहेत. काही सर्च दोघांना एक धरतात, काही नाही धरत. म्हणून 'पायऱ्या', 'दऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द शोधताना दुसरं रूप कॉपी करून एकदा टाकून बघायचं. किंवा तो शब्दच टाळायचा. मी 'पायऱ्या' काढून 'कातळात कोरलेला जिना' टाकलं.

मला पहिला कामाचा ब्लॉग असा सापडला. त्याने पायऱ्यांबद्दल एकच ओळ लिहिली होती, 'जिना मस्त आहे'. निराशा. पण एक छोटा ब्लॉग सापडला की सर्च बंद करायचं आणि त्या ब्लॉगच्या आत जायचं. कारण या लोकांचं एकमेकांकडे जाणं-येणं असतं, आणि ते ब्लॉगच्या बाजूच्या पट्टीत दिसतं: 'मी वाचत असलेले ब्लॉग', 'भटके मित्र' असं काहीतरी. फोनवर मात्र ती पट्टी बऱ्याचदा दिसतच नाही, कारण फोनवरून उघडलं की ब्लॉगस्पॉट पत्त्याच्या शेवटी `?m=1` लावतो आणि काटछाट केलेलं पान देतो. तिथे एकाचा शून्य करा:

```
?m=0
```

किंवा ब्राउझरच्या मेनूत 'डेस्कटॉप साइट' निवडा. माझ्यासमोर एकदम चौदा ब्लॉग्जची यादी उघडली. त्यातले पाच बंद. एक पत्ता `blogspot.in` ने संपणारा होता, तोही उघडेना. असे पत्ते जुन्या ब्लॉग्जवर खूप दिसतात. एके काळी भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट `.in` वर न्यायचं, पण २०२० मध्ये ते डोमेन गूगलच्या हातातून गेलं. ब्लॉग मात्र जागेवरच असतो. `in` खोडून `com` लिहा:

```
काहीतरी.blogspot.in   →   काहीतरी.blogspot.com
```

मी ते केलं आणि ब्लॉग उघडला. आता आतमध्ये शोधायचं कसं? ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यापुढे `/search?q=` लावून शब्द टाइप केला की त्या एकाच ब्लॉगमधलं शोधता येतं. मी टाकलं `/search?q=पेठ`. एक पोस्ट आली. लिहिणाऱ्याने पायऱ्यांबद्दल पूर्ण परिच्छेद लिहिला होता: काही पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, चढताना हात टेकवून जमतं, उतरताना मात्र बसून उतरावं लागलं. कोणत्या महिन्यात गेला, सोबत कोण होतं, सगळं होतं.

तरी एकाच माणसाच्या शब्दावर बाबांना न्यायचं नव्हतं. म्हणून मराठी संकेतस्थळांकडे वळलो. मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून. तिथली खरी माहिती लेखात कमी आणि खालच्या प्रतिसादांत जास्त असते. लेखक सूर्यास्ताबद्दल लिहितो, आणि खाली कोणीतरी विचारतं, "आईला घेऊन जाता येईल का?" माझाच प्रश्न, दुसऱ्या कोणीतरी आधीच विचारलेला.

```
site:maayboli.com कोथळीगड
site:misalpav.com कोथळीगड
```

सर्चच्या यादीत प्रतिसाद बऱ्याचदा दिसत नाहीत. पान उघडून, ब्राउझरच्या मेनूतल्या 'पानात शोधा'मध्ये 'गुडघ' टाकायचं, नुसतं अर्धवट. मग गुडघा, गुडघे, गुडघ्याचा, सगळी रूपं सापडतात. मोठ्या धाग्यांची पानं असतात, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत जावं लागतं. माझं उत्तर तिसाव्या पानावर होतं, एका जुन्या, लांबलचक भटकंतीच्या धाग्यात: "वडील गुहेपर्यंत आरामात आले, वर नेलं नाही."

म्हणजे एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांचं म्हणणं जुळलं. त्यांची वाक्यं वेगळी होती, तपशील वेगळे होते, आणि निष्कर्ष एक होता. चार साइट्सवरच्या एकाच वाक्याच्या हे बरोबर उलट.

आता याच्या मर्यादाही सांगतो. जुन्या ब्लॉगवरचा कातळ बदलत नाही, पण रस्ता, गाडीची वेळ, पाणी, गावातली जेवणाची सोय बदलते. म्हणून पायऱ्यांसाठी मी २०११ च्या पोस्टवर विश्वास ठेवला, आंबिवलीच्या बससाठी नाही. ब्लॉग पूर्ण गेलेला असेल तर त्याचा पत्ता `web.archive.org` वर टाकून बघा, जुनी प्रत कधीकधी मिळते, फोटो बऱ्याचदा नाही. आणि गेल्या काही वर्षांतलं बरंचसं लिखाण व्हॉट्सअॅप आणि बंद फेसबुक ग्रुप्समध्ये गेलंय. ते सर्चच्या बाहेर आहे, कोणत्याही युक्तीने वर येत नाही. तिथे ओळखीच्या माणसाला विचारणं हाच मार्ग.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही गेलो. मी घरीच ठरवून टाकलं होतं, बाबा गुहेपर्यंत. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी वर बघितलं, पहिल्या पायरीवर हात ठेवला आणि स्वतःच म्हणाले, "तू जाऊन ये, मी इथे बसतो." मी वर जाऊन आलो तेव्हा ते एका खांबाच्या नक्षीवरून बोट फिरवत होते.

घरी आल्यावर मी त्या ब्लॉगच्या पोस्टखाली प्रतिसाद लिहिला: तारीख, बाबांचं वय, गुडघा, कुठपर्यंत गेलो. 'पायऱ्या' हा शब्द मुद्दाम दोन्ही प्रकारे टाइप केला. शोधणाऱ्या पुढच्या माणसाच्या कीबोर्डवर कोणता र असेल, काय सांगावं.

भेटू पुढच्या भागात.