सभेत बोलताना शब्द कोणाचे वापरावेत?
(कुंभारी येथे विद्यार्थी वक्त्यांसमोर दिलेले भाषण)



जयंतीला किंवा वर्षावासाच्या सांगतेला आपली शिकलेली मुले भाषणे करतात, ही आपल्या सर्वांना अभिमान वाटणारी गोष्ट आहे. मात्र अशा भाषणानंतर एका आजीशी माझे जे बोलणे झाले, ते आधी सांगतो. तिचा नातू नुकताच बोलून खाली उतरला होता. ती म्हणाली, "कसा पुस्तकागत बोलला बघा!" मी विचारले, "आजी, काय सांगितलं त्यानं?" ती हसली. म्हणाली, "ते काय कळलं नाही बाबा, पण लई बोलला."

या आजीला हसू नका. तिच्या पिढीची भाषा लोकांनी अशुद्ध म्हणून हिणवली. नातवाच्या तोंडी शुद्ध मराठी आली, याचे तिला झालेले सुख खरे आहे. पण नातू ज्यांच्यासाठी बोलला त्यांच्यातच ती बसली होती, आणि तिच्या हाती काहीच लागले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. माझे आजचे भाषण या पेचाविषयी आहे.

आपल्या कुंभारीत हा पेच इतर गावांपेक्षा थोडा अधिक आहे. आपण दक्षिण सोलापूर तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ राहतो. 2006 साली येथे विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि तेलुगू बोलणारी असंख्य कुटुंबे आपली शेजारी झाली. तेव्हा येथल्या सभेत घरी मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, तेलुगू बोलणारे आणि दखनी बोलणारे असे सर्वच श्रोते असतात. त्यांत कॉलेजचा विद्यार्थी असतो आणि कधी शाळेत न गेलेली बाईही असते. अशा सभेत शब्द कोणाचे वापरायचे?

हा प्रश्न भगवान बुद्धांपुढेही आला होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धांकडे तक्रार केली की, नाना कुळांतून आणि नाना प्रांतांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगतात आणि ते बिघडवतात. तेव्हा ते छंदस् भाषेत, म्हणजे वेदांच्या वळणाच्या भारदस्त भाषेत, बांधून टाकावे. बुद्धांनी हे नाकारले आणि तसे करणे हा दोष ठरविला. वचन 'सकाय निरुत्तिया', म्हणजे आपल्या बोलीत, शिकावे असे त्यांनी सांगितले. येथे 'आपल्या' म्हणजे कोणाच्या, यावर मतभेद आहे. जुने अट्ठकथाकार ती बुद्धांची स्वतःची मागधी मानतात, तर आजचे अनेक अभ्यासक शिकणाऱ्याची बोली असा अर्थ घेतात. पण भारदस्त भाषेला दिलेला नकार दोघांनाही मान्य आहे.

यापेक्षाही आपल्या कामाचे सुत्त मज्झिम निकायात आहे. त्याचे नाव अरणविभंग सुत्त. त्यात बुद्ध एका साध्या भांड्याचे उदाहरण देतात. त्याच भांड्याला कोठे पाति म्हणतात, कोठे पत्त, कोठे सराव, कोठे धारोप, कोठे पोण. जो माणूस आपलेच नाव खरे म्हणून हटून बसतो तो भांडण वाढवतो. ज्या गावात जे नाव चालते ते घेऊन बोलणारा भांडण टाळतो. मात्र लोकांत रूढ असलेले नाव उगाच मोडूही नये, हेही तेथे सांगितले आहे. कुंभाराची आठवण देणाऱ्या नावाच्या आपल्या गावाला हे उदाहरण किती जवळचे आहे! आपण मडके म्हणतो, कन्नड शेजारी गडिगे म्हणतो, तेलुगू शेजारीण कुंड म्हणते. पाणी तिन्हींत तेवढेच थंड राहते.

आता बाबासाहेबांकडे येऊ. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील घेतले, ते पालीत. त्यानंतर त्यांनी लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मराठीत. या प्रतिज्ञांची रचना विद्यार्थ्यांनी नीट पाहावी. पालीत ज्याला सुरा-मेरय म्हटले आहे, तेथे प्रतिज्ञेत 'दारू' हा शब्द आहे. 'असत्य' नाही, 'खोटे' आहे. बहुतेक प्रतिज्ञांची सुरुवात 'मी' या शब्दाने होते आणि शेवट क्रियापदाने होतो: करीन, मानणार नाही, करणार नाही. 'मद्यपाननिषेध' यासारखे जड नाम तेथे नाही. लाखो माणसांना ते ऐकून लगेच स्वतःच्या तोंडाने म्हणायचे होते. निरक्षर माणसालाही एकदा ऐकून म्हणता यावे, अशीच ती वाक्ये आहेत.

पण त्याच प्रतिज्ञांत अष्टांग मार्ग आणि दहा पारमिता हे शब्द तसेच ठेवलेले आहेत. त्यांना बोलीतला पर्याय नव्हता, आणि उसना पर्याय दिला असता तर अर्थ बदलला असता. म्हणजे सर्वच शब्द सोपे करायचे नसतात. कोणता सोडायचा आणि कोणता ठेवायचा, हीच खरी परीक्षा आहे.

ही परीक्षा मी स्वतः एकदा नापास झालो. अशाच मिश्र सभेत मी कर्मावर बोललो होतो. मला वाटले, 'कर्म' हा शब्द तर सर्वांच्या तोंडी आहे, तो समजावण्याची गरज काय? भाषण संपल्यावर विड्या वळणारी एक बाई जवळ आली. तिचा नवरा दारूपायी गेला होता आणि पोराची शाळा सुटली होती. तिने विचारले, "सर, म्हणजे हे माझ्या कर्मातच होतं म्हणायचं ना?" मी सुन्न झालो. माणूस आपल्या कृतीने पुढचे दिवस घडवू शकतो, हे सांगायला मी गेलो होतो. तिने ऐकले ते नेमके उलटे. चूक तिची नव्हती. बोलीत 'कर्म' म्हणजे नशीब. "कर्म माझं!" असे आपण कपाळाला हात लावूनच म्हणतो. त्या दिवशी मी म्हणालो, "नाही अक्का, माझा शब्द चुकला. तुम्ही आज जे कराल त्यानं उद्या बदलतो, एवढंच मला सांगायचं होतं." ती म्हणाली, "मग तसंच सांगायचं की!"

तेव्हापासून मी तो शब्द एकटा वापरत नाही. 'आपण जे करतो ते' असे म्हणतो. आणि 'करणी' हा सोपा दिसणारा पर्याय तर मुळीच घेऊ नये, कारण खेड्यात करणी म्हणजे जादूटोणा.

असाच दुसरा शब्द निर्वाण. 6 डिसेंबरमुळे 'महापरिनिर्वाण' हा शब्द घरोघर पोचला, त्यामुळे निर्वाण म्हणजे मरण असे पुष्कळांना वाटते. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी निर्वाणाची मांडणी जिवंतपणी विकारांवर ताबा मिळवणे अशी केली आहे. म्हणून शब्द ठेवा, पण पहिल्याच वाक्यात सांगा: "निर्वाण म्हणजे मरण नव्हे. राग आला तरी हात उठत नाही, समोर दिसले तरी हाव सुटत नाही, असे जगणे."

तिसरा शब्द तृष्णा. मराठी माणसाला 'हाव' म्हटले की लगेच समजते. पण कन्नड शेजारी त्याला 'आसे' म्हणतो, तेलुगू शेजारीण 'आश' म्हणते. आपण मात्र मराठीत 'आशा सोडा' म्हटले, तर कष्टकरी माणसाला आपण निराश होण्याचा उपदेश केला असे होईल! म्हणून 'हाव' म्हणावे, आणि लगेच हाताने दाखवावे: पोट भरले तरी हात ताटाकडेच जातो, ती हाव. शब्द कोणाला परका वाटला तरी हात सर्वांना कळतो.

आता एक वाक्य घेऊन प्रत्यक्ष काम करू. एका विद्यार्थ्याच्या वहीत होते: "मद्यपान हे कौटुंबिक अर्थव्यवस्थेच्या विघटनास कारणीभूत ठरत असल्याने पंचम शीलाचे अनुपालन ही प्रत्येक उपासकाची अपरिहार्य जबाबदारी होय." व्याकरणात काही दोष नाही. मी त्याला तीनच प्रश्न विचारले. कोण करतो? काय करतो? मग घरात काय होते? त्याने उत्तरे दिली आणि तीच आम्ही लिहून घेतली: "शनिवारी पगार होतो. पैसा घरी यायच्या आधी दुकानात जातो. सोमवारी बाई शेजारणीकडे उसने मागते. पोराची वही राहून जाते. म्हणून पाचवे शील सांगते, दारू पिऊ नको. शील म्हणजे आपणच आपल्याला घातलेली अट." एका वाक्याची सहा वाक्ये झाली. विघटन, अनुपालन हे शब्द गेले, पण अर्थ कोठेही गेला नाही. 'शील' ठेवले, आणि त्याचा अर्थ शेजारीच ठेवला.

यात एक तोटा आहे, तोही लक्षात घ्या. बोलीतले भाषण लांबते. वहीत पाच मुद्दे असतील तर दहा मिनिटांत दोनच होतील. तेव्हा उरलेले तीन सोडून द्यावेत. पाचही घाईने सांगितले, तर पुन्हा तेच जड शब्द परत येतात.

आणखी एक सावधगिरी. बोलीत बोलणे म्हणजे खेडवळ बोलण्याचे सोंग आणणे नव्हे. ज्याच्या घरी 'हाय' आणि 'कुटं' म्हणत नाहीत, त्याने व्यासपीठावर मुद्दाम तसे म्हटले की लोकांना ती आपली चेष्टा वाटते. आपला उच्चार आपलाच ठेवावा, फक्त शब्द घरातले घ्यावेत. आणि ज्याच्या घरी तसेच बोलतात, त्याने माईकसमोर ते लपवू नये. त्या आजीची मान नातवाच्या शब्दांनी उंच झाली, हे चांगलेच आहे. तिच्याच घरातले शब्द व्यासपीठावरून मानाने ऐकू आले, तर तिची मान आणखी उंच होईल, आणि घरी जाताना तिच्या हाती काही असेल.

शेवटी, भाषण जमले की नाही हे टाळ्यांवरून ओळखू नका. टाळ्या त्या आजीनेही वाजवल्या होत्या. भाषणाच्या आदल्या दिवशी घरातल्या किंवा शेजारच्या, पुस्तक न वाचणाऱ्या एका माणसाला बसवा आणि त्याला मुख्य मुद्दा सांगा. चहा होईपर्यंत दुसरे बोला. मग विचारा, "मी मघाशी काय सांगितलं?" तो जे शब्द वापरून सांगेल, ते कागदावर उतरवा. तो जेथे अडखळेल किंवा भलतेच सांगेल, तेथे तुमचा शब्द चुकला आहे. त्याला दोष देऊ नका. उद्या सभेत त्याचेच शब्द घेऊन उभे राहा.



नमो बुद्धाय! जय भीम!